उजवीकडे गेलेला बाण

छत्रपती संभाजीनगरातील एका मोबाइल विक्रेत्याच्या मदत कक्षात मी काम करतो. ग्राहक संकेतस्थळावरील अर्जात तक्रार लिहितात आणि ती आमच्या पडद्यावर उमटते. त्या अर्जात छायाचित्र जोडण्याची सोय त्या वेळी नव्हती, त्यामुळे ‘फोन चालत नाही, लवकर करा’ एवढ्या एका ओळीवरून दुखणे ओळखण्याची आम्हाला सवय झाली होती. अशा दिवसांत परभणी जिल्ह्यातील एका निवृत्त ग्रामसेवकांचा निरोप आला. शेजाऱ्यांच्या फोनवरून लिहिलेला तो निरोप पंचनाम्यासारखा होता.

त्यांचा फोन भाच्याने दुबईहून आणून दिलेला होता आणि दोन वर्षे मराठीत व्यवस्थित चालत होता. आदल्या संध्याकाळपासून तो ‘उर्दूत गेला’ असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी एकेक पडदा क्रमाने लिहिला होता. पहिला पडदा कुलुपाचा, त्यावरील घड्याळाचे आकडे नेहमीचेच. दुसरा पडदा चित्रांचा, चित्रे ओळखीची, पण खालची नावे परक्या लिपीत. तिसरा पडदा दातेरी चाकाच्या चित्रावर बोट ठेवल्यावर उघडणारा. ‘यात मागे जाण्याचा बाण डावीकडे असायचा, तो उजवीकडे गेला आहे आणि चालू-बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे आली आहेत. जवळपास प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एक सुटी उभी रेघ आणि तिला लागून दुसरी उभी रेघ आहे, ती मात्र पुढच्या अक्षराला जोडलेली आहे.’

आमच्या कक्षातून त्यांना आधीच एक ठरावीक उत्तर गेले होते. त्यात ‘सिस्टम’ या शब्दावर जा, मग भाषा निवडा, असे लिहिले होते. ज्याला पडद्यावरचा एकही शब्द वाचता येत नाही, त्याला शब्द शोधायला सांगण्यात काय अर्थ होता, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. गावाजवळच्या बाजारातील एका दुकानदाराने पैसे घेऊन फोन फॉर्मॅट करून देण्याची तयारी दाखवली होती. त्यात नातवंडांची छायाचित्रे गेली असती, आणि फोन पुन्हा सुरू होताना भाच्याने कधी काळी टाकलेल्या खात्याचा पासवर्ड मागितला जाण्याचीही शक्यता होती. काकांनी दुकानदाराला थांबवून आम्हाला लिहिले, हे बरे झाले.

मी निरोप दोनदा वाचला. बाण आणि बटणे यांची अदलाबदल झाली म्हणजे फोन उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत आहे, एवढे नक्की होते. अशा वेळी अँड्रॉइड केवळ शब्द बदलत नाही, तर सगळी मांडणी आरशात पाहिल्यासारखी उलटवते. पण ती भाषा उर्दू नसावी, असे त्या दोन उभ्या रेघांवरून वाटले. अरबीत नामाआधी ‘अल’ हे उपपद जोडले जाते आणि ते अलिफ व लाम या दोन उभ्या अक्षरांनी लिहितात. अलिफ पुढच्या अक्षराला जोडला जात नाही आणि लाम जोडला जातो, म्हणजे काकांनी वर्णिल्याप्रमाणेच. उर्दू पडद्यावर ओळीमागून ओळ अशी सुरुवात होत नाही.

निरोपाच्या शेवटच्या परिच्छेदाने उरलेली शंका मिटवली. काकांचे शेजारी उर्दू माध्यमात शिकलेले आहेत. त्यांनी पडदा वाचून दाखवला, पण अर्थ लागेना. एका ओळीला ते ‘अल-बतारिया’ म्हणाले, तेव्हा ही बॅटरी असावी असे दोघांनी ताडले. ‘खालून तिसरी ओळ शेजारी निजाम अशी वाचतात. येथे निजामाचे काय काम, ते कळत नसल्यामुळे आम्ही तेथे बोट लावले नाही.’

मी खुर्चीत मोठ्याने हसलो, हे कबूल करतो. मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्यांच्या पदवीतला आणि अरबी पडद्यावरचा النظام हा शब्द एकच आहे. त्याचा मूळ अर्थ व्यवस्था, आणि अरबी फोनमध्ये ‘सिस्टम’च्या जागी तोच लिहिलेला असतो. म्हणजे जी ओळ दाबायची होती, नेमकी तीच त्यांनी भीतीपोटी सोडली होती.

मग मी ठरावीक उत्तर बाजूला ठेवून त्यांच्याच पद्धतीने, शेजाऱ्यांच्या वाचनावर विसंबून, उत्तर लिहिले. निजाम वाचलेल्या ओळीवर बोट ठेवावे. नव्या पडद्यावर शेजाऱ्यांना ‘लुगात’ असे वाचता येईल अशी ओळ पहिली असेल, तिच्याशेजारी पृथ्वीच्या गोलाचे चित्र असेल. उर्दूत लुगत म्हणजे शब्दकोश, अरबीत त्याच शब्दाचा अर्थ भाषा, त्यामुळे शेजाऱ्यांना तो परका वाटणार नाही. याच पडद्याच्या तळाशी फोन पुसून टाकण्याची वाट सुरू होते, तिकडे जाऊ नये. लुगातच्या आत पुन्हा लुगात असे वाचता येणारी ओळ दाबावी, की भाषांची यादी दिसेल. त्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत असते, म्हणून ‘मराठी (भारत)’ हे तुम्हाला स्वतःला वाचता येईल. त्या ओळीच्या डाव्या टोकाला दोन आडव्या रेघा असतील. त्या बोटाने धरून ओळ सर्वांत वर न्यावी.

दीड तासाने उत्तर आले, पुन्हा पडद्यांसह. चौथा पडदा, पाचवा पडदा माझ्या वर्णनाप्रमाणे निघाले होते. सहाव्यावर तीन ओळी होत्या: अरबी, मराठी आणि इंग्रजी, याच क्रमाने. तेथे मात्र ते अडले, कारण मराठीच्या नावावर कितीही टिचक्या मारल्या तरी काही होत नव्हते. चूक माझी होती. नावावर टिचकी मारून भाषा बदलत नाही, यादीतली सर्वांत वरची भाषा फोन वापरतो, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. मी त्यांना फोन केला आणि म्हणालो, “काका, नावाला हात लावू नका. त्या दोन रेघांवर बोट दाबून ठेवा आणि न उचलता वर सरकवा.” क्षणभर शांतता पसरली, मग ते म्हणाले, “अहो, बाण डावीकडं आला की!”

यादीतल्या ओळी सरकतात हे कळल्यावर त्यांनीच खुलासा केला. आदल्या संध्याकाळी अक्षरे मोठी करण्याची सोय शोधताना ते याच यादीपर्यंत पोहोचले होते आणि एक ओळ बोटाखाली घसरल्यासारखी वाटली होती. भाच्याने फोन पहिल्यांदा अरबीत सुरू करून नंतर मराठी वर आणली होती, पण अरबी यादीतून काढली नव्हती. ती काढून टाकण्यासाठी वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबायचे, मराठी मांडणीत ते उजवीकडे असतात, एवढे मी सांगितले.

संध्याकाळी शेवटचा निरोप आला. सहाव्या पडद्यावर आता दोनच ओळी आहेत, लिहिण्याचा कळफलक मात्र अजून अरबी अक्षरे दाखवतो, असे त्यात लिहिले होते. कळफलकाची भाषा फोनच्या भाषेपासून वेगळी ठेवलेली असते. मी त्यांना पृथ्वीच्या गोलाचे चित्र असलेली कळ दाबून ठेवायला सांगितले आणि तक्रार बंद केली.