लोहडीच्या शुभेच्छा, पंजाबी शेजाऱ्यांना

शेजारच्या पंजाबी कुटुंबाला लोहडीच्या शुभेच्छा त्यांच्या भाषेत द्यायच्या, तर नेमकं काय म्हणायचं?

म्हणायचं ते असं: ‘लोहडी दियां लख लख वधाइयां।’ वधाइयां म्हणजे अनेक शुभेच्छा, म्हणून ‘दियां’. आपण हिंदीच्या सवयीने ‘लोहडी की’ म्हणून जातो, आणि पंजाबी वाक्य तिथेच हिंदी होतं. ‘लख’ म्हणजे आपला लाखच, पण ल ऱ्हस्व आणि ख वर जोर: ‘लक्ख’. लोहडीतला ह जवळजवळ ऐकू येत नाही आणि वधाइयांतला ध आपल्या कानाला द सारखा लागतो. पंजाबीत असे महाप्राण उच्चार सुरांच्या चढउतारात विरघळतात. तो सूर ऐकूनच जमतो, त्यामुळे नाही जमला तरी बिघडत नाही. घरातल्या मोठ्यांना सांगताना आधी ‘तुहानूं सारेयां नूं’ जोडा, म्हणजे ‘तुम्हा सगळ्यांना’. उत्तर येईल ‘तुहानूं वी’, तुम्हालाही.

वेळ मात्र सांभाळा. लोहडी 13 जानेवारीच्या संध्याकाळी असते, शेकोटी पेटते तेव्हा. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला जाल तेव्हा शुभेच्छा दिल्यात, तर सण उलटून गेलेला असतो. त्यापेक्षा तिळाचे लाडू आदल्या संध्याकाळीच घेऊन जा. रेवडी आणि गजक हे त्यांचे तीळगुळाचेच प्रकार, त्यामुळे तुमचा डबा तिथे परका वाटणार नाही. शेकोटीत तीळ, रेवडी, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या टाकतात. तुमच्या हातात मूठभर दिलं तर थोडं आगीत टाका आणि उरलेलं खा.

त्या घरात वर्षभरात बाळ जन्मलं असेल किंवा नवी सून आली असेल, तर त्यांची पहिली लोहडी मोठी असते आणि शुभेच्छेत तिचा उल्लेख हवाच. समजा मुलगा झाला आहे. मग म्हणा, ‘काके दी पहली लोहडी दियां लख लख वधाइयां।’ इथे मराठी माणूस थबकतो. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, बाळ. आपल्या काकाला ते चाचा म्हणतात. मुलगी असेल तर ‘काकी दी’. याउलट, वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर सण बहुधा करत नाहीत. तेव्हा वधाई नको, नुसतं जाऊन बसा.

बैसाखीला हेच वाक्य चालतं, फक्त पंजाबी तिला ‘विसाखी’ म्हणतात: ‘विसाखी दियां लख लख वधाइयां।’ शेजारी शीख असतील तर आधी हात जोडून ‘सत श्री अकाल’ म्हणा. त्यांच्यासाठी हा सुगीचा सण तर आहेच, शिवाय 1699 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापन केला तो दिवसही आहे. पण प्रत्येक पंजाबी शीख नसतो. हिंदू पंजाबी घरात ‘नमस्ते जी’ पुरतं.