डब्यांची वही अर्जाला जोडा

"मी आठ वर्षं घरून डबे देतेय. आता नोकरीसाठी अर्ज करायचाय, तर घरचे म्हणतात अनुभवाच्या रकान्यात 'गृहिणी' लिही. डब्यांना अनुभव म्हणता येतं का? आणि कुणी पुरावा मागितला तर काय दाखवू?"

येतं. पुण्यात कारखान्यांची कॅन्टीन चालवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी काम करते. सुपरवायझर, स्टोअरकीपर, किचन असिस्टंट अशा जागांचे अर्ज आधी माझ्या हातात येतात. त्याआधी मी स्वतः घरून डबे दिले आहेत, त्यामुळे अर्ज लिहिणारीचं काय होतं आणि वाचणाऱ्याचं काय होतं, दोन्ही मला ठाऊक आहे.

बहुतेक बायका एकच ओळ लिहितात: 'घरगुती डबे, 8 वर्षे'. ओळ खरी असते, पण वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. डबे पाच की पन्नास? एक वेळचे की दोन वेळचे? पोहोचवायचं कोण, हिशेब कुणाकडे, माणूस हाताखाली होता का? हे विचारायला फोन करावा इतका वेळ कुणाला नसतो, अर्ज बाजूला पडतो. याच्या उलट काही अर्जांवर 'संस्थापक व सीईओ' असं असतं. तेही नको. एकटीच्या धंद्याला 'प्रोप्रायटर' हा साधा, कायद्यातलाच शब्द आहे. 'प्रोप्रायटर, घरगुती डबा सेवा' एवढं लिहिलं की पुरे. कंपनीचं नाव मागणाऱ्या रकान्यात 'स्वयंरोजगार' लिहा.

त्याखाली काय लिहायचं ते तुमच्या वहीत आहे. माझ्या ओळखीतल्या एका ताईंचा बायोडेटा आम्ही असाच वही पुढ्यात घेऊन केला. आखीव रजिस्टर, दर दिवसाला एक ओळ: तारीख, भाजी, किती डबे गेले, किती परत आले. उरलेलं अन्न लाल पेनाने लिहिलेलं, कारण त्यावरून त्या पुढच्या आठवड्याची भाजी ठरवायच्या. दोडका केला की लाल आकडा वाढायचा, म्हणून तो महिन्यातून एकदाच. कॅन्टीनमध्ये आम्ही याला वेस्टेज रिपोर्ट म्हणतो आणि तो नीट ठेवणारा माणूस आम्हाला सहज मिळत नाही. ताईंना मात्र ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं.

मग आम्ही एका महिन्याचा हिशेब मांडला. रोज 30 डबे, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 780 डबे. डब्याचा दर 80 रुपये: तीन पोळ्या, भाजी, वरण, भात. महिन्याची उलाढाल 62,400 रुपये. एका डब्याला किराणा-भाजी धरून कच्चा माल 38 रुपयांचा, म्हणजे 29,640. गॅस डब्यामागे 5 रुपये, म्हणजे 3,900. पोहोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे 10 रुपये, म्हणजे 7,800. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना 5,000. एकूण खर्च 46,340 आणि हातात उरले 16,060. ताईंना दर महिन्याला सोळा-सतरा हजार उरतात हे माहीत होतंच, पण 80 पैकी 38 म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के कच्च्या मालावर जातात, हे त्यांनी कधी मांडून पाहिलं नव्हतं. याच आकड्याला आमच्याकडे फूड कॉस्ट म्हणतात आणि मुलाखतीत तो हमखास विचारतात. उत्तर तोंडावर असलं की समोरच्याचा सूर बदलतो.

शेवटी बायोडेटात उतरलं ते असं: 'रोज 30 डब्यांचं नियोजन, खरेदी, स्वयंपाक आणि वेळेवर पोच. सकाळी साडेअकराच्या आत डबे बाहेर. एक मदतनीस आणि एक पोहोचवणारा यांचं काम बघणं. कच्च्या मालाचा खर्च दराच्या 48 टक्क्यांच्या आत. रोजच्या उरलेल्या अन्नाची नोंद.' तुम्हीही तुमच्याच वहीतले आकडे घाला आणि जो आकडा वहीत नाही तो लिहू नका. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्या आकड्यावरच येतो.

एका रकान्यात बायका हमखास अडतात: 'सध्याचा पगार'. तिथे उलाढाल लिहायची नाही. 62,400 लिहिलंत तर तुम्ही मागताय त्या पगारापेक्षा आताची कमाई जास्त दिसते, आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं तर ताळमेळही बसत नाही. खर्च वजा जाता उरतं ते लिहा आणि पुढे 'निव्वळ, महिन्याची सरासरी' असं जोडा. सणावाराच्या ऑर्डरी असतील तर त्या बारा महिन्यांत वाटून धरा. दिवाळीचा महिना तेवढा उचलून दाखवू नका.

आता कागद. पहिला म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. घरून अन्न विकणाऱ्यालाही ती लागते, लहान धंद्यासाठी साधी नोंदणी असते आणि त्यावर 14 आकडी क्रमांक असतो. आमच्या क्षेत्रात हा कागद सगळ्यात आधी बघतात. दुसरा, उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र. सरकारी संकेतस्थळावर ते आधार क्रमांकावरून, एक पैसाही न भरता निघतं. त्यासाठी एजंट पैसे मागतो, ते देऊ नका. तिसरा, बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट. त्यात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच त्या गिऱ्हाइकांचे पैसे आलेले दिसतात, आणि धंदा सलग चालला याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. आयकर विवरणपत्र भरत असाल तर तेही जोडा.

इथे तारखांचा घोळ होतो. काम सुरू केलं 2017 ला आणि नोंदणी काढली 2022 ला, असं बहुतेकींचं असतं. ते लपवायचं कारण नाही. 'काम 2017 पासून, नोंदणी 2022' असं दोन्ही लिहा. उद्यमच्या प्रमाणपत्रावर धंदा कधी सुरू झाला ती तारीख असते, पण ती आपणच भरलेली असते. नुसत्या तिच्या भरवशावर पाच वर्षं कुणी मोजत नाही. नोंदणीआधीच्या वर्षांसाठी जुन्या वह्या आणि जुनी गिऱ्हाइकं उपयोगी पडतात.

गिऱ्हाइकाचं पत्र हा चौथा कागद, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा. एखादं ऑफिस, दवाखाना किंवा मुलींचं वसतिगृह तुमच्याकडून डबे घेत असेल तर त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मागा: कधीपासून, रोज किती डबे, किती वाजता पोचायचे, एखाद्या दिवशी खंड पडला का. पत्र देणाऱ्याला आधी सांगून ठेवा की कदाचित फोन येईल. न सांगता नंबर दिला आणि समोरचा 'कोण बाई?' म्हणाला, तर चांगलं पत्रही फुकट जातं.

'अमक्याच्या कंपनीतून अनुभवाचं पत्र आणून देतो' असं सांगणारे भेटतील. नको म्हणा. बऱ्याच कंपन्या रुजू होण्याआधी किंवा नंतर पडताळणी करतात. जुन्या कंपनीला फोन जातो, पगाराच्या पावत्या मागतात. रुजू होताना भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म 11 भरावा लागतो, त्यात आधी पीएफ होता का हे विचारलेलं असतं. तिथे 'नाही' लिहायचं आणि बायोडेटात पाच वर्षांची कंपनीतली नोकरी दाखवायची, याचा मेळ बसत नाही. नेमणुकीच्या पत्रात बहुधा अटच असते की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल. डबेवालीला या फॉर्मची धास्ती नाही. स्वयंरोजगारात पीएफ नव्हता, ते खरंच आहे.

मुलाखतीत आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो: 'तुम्ही तीस माणसांचं करता, इथे तीनशे जेवतात. कसं जमेल?' 'जमेल, सवय आहे' या उत्तराला मार्क नाहीत. ताईंनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "तीनशेचं मी केलेलं नाही. गौरी जेवणाच्या दिवशी सव्वाशे पानांचं केलंय. तेव्हा कळलं की पीठ आणि तांदूळ सरळ पटीत वाढतात, किलोभर पिठाच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात, तो हिशेब तीनशेलाही तोच. पण मीठ, तिखट आणि फोडणी पटीत वाढवली की बिघडते, ती चाखत वाढवावी लागते. आणि पातेलं मोठं झालं की तळ लागायला वेळ लागत नाही." मग त्यांनीच उलट विचारलं, "भात वाढेपर्यंत गरम कशात ठेवता?" गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवायचं असतं आणि आमची निम्मी डोकेदुखी तीच आहे. जे केलं नाही ते सरळ सांगितलं, म्हणून जे केलं त्यावर आमचा विश्वास बसला.

सगळीकडे हे चालेल असं मात्र नाही. सरकारी जाहिरातीत 'मान्यताप्राप्त संस्थेतला अनुभव' असं असेल तर घरच्या धंद्यावर अर्ज टिकवणं अवघड जातं. मोठ्या हॉटेलांत हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा बंधनकारक असेल तिथेही वर्षं मोजली जात नाहीत. कॅन्टीन कंत्राटदार, शाळा-वसतिगृहांची भोजनालयं, रुग्णालयांची स्वयंपाकघरं, डबे पुरवणाऱ्या कंपन्या आणि किराणा साखळ्यांची गोदामं इथे आधी अर्ज करा. पगार ठरवताना काही ठिकाणी तुम्हाला 'फ्रेशर' धरायला बघतील. तेव्हा आठ वर्षांवरून वाद घालू नका. खरेदी तुमच्याकडे असणार का, हाताखाली माणसं असणार का, हे विचारा आणि त्या जबाबदारीचा पगार मागा. आमच्याकडे दोनदा आकडा त्यावरूनच वर गेलेला मी पाहिलाय.

अर्जासोबत वहीच्या दोन-तीन पानांची झेरॉक्स जोडा. सलग तारखांची पानं निवडा, उरलेल्या अन्नाचे आकडे असलेली. झेरॉक्स काढण्याआधी गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर कागदाच्या पट्टीने झाका. ती त्यांची माहिती आहे, आणि तुम्ही ती झाकलीत हे आमच्यासारख्यांच्या नजरेला लगेच पडतं.