ऐरोलीच्या चिखलात चोची मोजताना: ठाणे खाडीतील एका सकाळचा वृत्तांत

फेब्रुवारीतल्या एका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलो. या खाडीत बहुतेक जण रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला येतात आणि आमच्या बोटीतली इतर मंडळीही त्यासाठीच आली होती; आम्हाला मात्र रोहितांच्या पायांशी चिखलात धावणारे करडे-तपकिरी छोटे पक्षी हवे होते. त्या दिवशी मी साडेसहाशेच्या आसपास छायाचित्रे काढली आणि घरी येऊन त्यांना नावे देताना ज्या चुका केल्या, त्या पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून हा वृत्तांत.

आधी वेळेविषयी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण होते आणि खाडीच्या आतल्या टोकाला ती त्याहून थोडी उशिरा पोहोचते. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास पाणी चढत असते, बोटीला पुरेशी खोली मिळते आणि तरीही खारफुटीच्या कडेने चिखलाचे पट्टे उघडे असतात. पाणी जसजसे वर येते तसतसे पक्षी त्या अरुंद होत जाणाऱ्या पट्ट्यांवर एकत्र येतात, आणि एकाच चौकटीत चार-पाच जाती शेजारी शेजारी मिळतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत हा मेळ बसत नाही, कारण भरती सकाळी लवकर होऊन जाते आणि पुढे ओहोटीत बोट गाळात रुतण्याची भीती असते. बोटीच्या वेळा भरतीवरूनच ठरतात, म्हणून नोंदणी करण्याआधी त्या दिवसाची भरती पाहून घ्यावी. बोटीत डावी-उजवी कोणती बाजू धरावी हेही महत्त्वाचे आहे. सकाळी सूर्य ऐरोलीच्या बाजूने वर येत असल्याने भांडुप-मुलुंडच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावरच्या पक्ष्यांवर प्रकाश सरळ पडतो. पूर्वेच्या काठावर तेच पक्षी काळ्या आकृत्या होतात आणि पायांचा रंग विचारायची सोयच राहत नाही.

आमच्यासोबत पंचवीस वर्षे पाणथळीचे पक्षी पाहत आलेले एक निवृत्त शिक्षक होते. पहिल्याच पट्ट्याशी बोट मंदावली तेव्हा मी कॅमेरा लावून सटासट फोटो घेऊ लागलो. सर म्हणाले, “आधी वीस सेकंद नुसते बघा. कोण थांबतो आणि कोण थांबत नाही, एवढेच बघा.” त्यांचे म्हणणे मी अर्धेच ऐकले, याचा पश्चात्ताप घरी झाला.

थांबणारे पक्षी म्हणजे चिखल्या, ज्यांना आपण सर्रास प्लोव्हर म्हणतो. चिखल्या चार-सहा पावले धावतो, एकदम ताठ उभा राहतो, क्षण-दोन क्षण चिखलाकडे पाहतो, मग शरीर पुढे कलंडवून एकदाच टोच मारतो आणि पुन्हा धावतो. त्याचे भक्ष्य त्याला डोळ्यांनी दिसावे लागते, म्हणून त्याचा डोळा मोठा आणि चोच आखूड असते. याउलट सँडपायपर गटातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या चोचीचे टोक स्पर्शाला फार संवेदनशील असते. चिखलाच्या आतले किडे-कृमी त्यांना न दिसताही सापडतात, म्हणून ते मान खाली घालून चालता चालता शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत राहतात. एका फोटोत हा फरक दिसत नाही, कारण प्लोव्हरसुद्धा टोच मारताना वाकतो आणि सँडपायपरसुद्धा घाबरला की मान वर करतो. मात्र एकापाठोपाठ घेतलेल्या दहा-बारा फोटोंची मालिका असेल, तर ज्याचे डोके सलग आठ फोटोंत खालीच आहे तो चिखल्या नव्हे, हे बहुतांशी ठरते. म्हणून प्रत्येक थव्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. तो धूसर असला तरी चालतो.

आता ज्या फोटोने मला दोन संध्याकाळी खर्ची घालायला लावल्या त्याकडे येतो. चौकटीत चार छोटे पक्षी एका रांगेत होते आणि चारही सारखेच स्पष्ट आले होते, म्हणजे ते कॅमेऱ्यापासून साधारण एकाच अंतरावर होते. ही गोष्ट आधी तपासावी, कारण लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये दोन मीटर मागे असलेला पक्षी शेजारीच असल्याचा भास होतो आणि आकाराची तुलना फसते. मी फोटो पूर्ण आकारात उघडून प्रत्येकाचे डोके चोचीच्या बुंध्यापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत आणि चोच बुंध्यापासून टोकापर्यंत पिक्सेलमध्ये मोजली. पहिल्याचे डोके ६८ आणि चोच ४०, म्हणजे चोच डोक्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. पाय गडद राखाडी आणि छाती ताठ होती, म्हणून तो छोटा वाळू चिखल्या, म्हणजे लेसर सँड प्लोव्हर. दुसऱ्याचे डोके ४४ आणि चोच ४० भरली. चोच काळी, जवळपास सरळ आणि पाय काळे असलेला तो लिटल स्टिंट. तिसऱ्याचे डोके ६०, चोच ९२ आणि ती टोकाकडे एकसारखी खाली वळलेली असल्याने तो कर्ल्यू सँडपायपर. चौथ्याची चोच मात्र ५० भरली, डोक्याहून आखूड आणि सरळ, म्हणून मी त्याला बिनधास्त लिटल स्टिंट लिहून टाकले.

सरांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “स्टिंटचे डोके एवढे मोठे कसे?” पुन्हा पाहिले तर चौथ्याचे डोके ५९ पिक्सेल होते, म्हणजे तिसऱ्याइतकेच. मालिकेतला पुढचा फोटो उघडल्यावर उलगडा झाला: आधीच्या फोटोत चोचीचा पुढचा वळलेला भाग चिखलात होता आणि ओल्या गाळाची चमक चोचीच्या काळ्या रंगात मिसळल्यामुळे ती तिथेच संपल्यासारखी दिसत होती. चोच बाहेर आल्यावर ती ९० भरली. चोचीचे डोक्याशी प्रमाण काढताना टोक हवेत दिसत असलेलाच फोटो घ्यावा आणि पक्षी बाजूने उभा असावा. तोंड आपल्याकडे वळलेले असेल तर कोणतीही चोच आखूड होते, आणि अशा फोटोवर मोजमाप करणे व्यर्थ आहे. कर्ल्यू सँडपायपरशी घोटाळा होतो तो डनलिनचा; डनलिनची चोच त्याहून आखूड आणि मुख्यतः टोकाशीच वाकलेली असते, पायही आखूड असतात आणि उडताना कमरेवर कर्ल्यू सँडपायपरसारखा सलग पांढरा पट्टा दिसत नाही.

पायांच्या रंगाने माझी दुसरी फजिती केली. नारिंगी पायांचा एक मध्यम आकाराचा पक्षी मी रेडशँक म्हणून नोंदवला, कारण खाडीत रेडशँक भरपूर असतात आणि लाल-नारिंगी पाय ही त्याची ओळख आपण पाठ केलेली असते. नंतर चोच पाहिली तर ती डोक्याएवढीच, किंचित खाली झुकलेली आणि बुंध्यापाशीही काळपट होती. रेडशँकची चोच डोक्याहून स्पष्ट लांब आणि बुंध्याशी लाल असते. पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असल्यामुळे खवल्यांसारखी नक्षी दिसत होती आणि लांब मानेवर डोके लहान होते. तो रफ होता. रफचे पाय हिरवट पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत कोणत्याही छटेचे असू शकतात, म्हणून नारिंगी पाय दिसले की चोचीचा बुंधा पाहिल्याशिवाय नाव लिहू नये.

त्याच मालिकेत उलट प्रकारही घडला. करड्या पायांचा एक पक्षी मला मार्श सँडपायपर वाटला होता. तो चिखलातून चालत पाण्यात उतरला आणि पुढच्या फोटोत त्याचे पाय घोट्यापासून वर लाल निघाले, म्हणजे तो रेडशँकच होता. खालचा भाग गाळाने माखून राखाडी मोज्यांसारखा झाला होता. पायाचा रंग नेहमी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वरच्या भागावरून पाहावा, कारण तिथे चिखल क्वचितच पोहोचतो. खऱ्या मार्श सँडपायपरची चोच सुईसारखी बारीक आणि सरळ असते. ग्रीनशँकचे पायही हिरवट असतात, पण त्याची चोच जाड आणि किंचित वर वळलेली असते, आणि तो उथळ पाण्यात धावत माशांचा पाठलाग करतो. संध्याकाळच्या प्रकाशात हिरवट पाय पिवळे दिसतात, म्हणून रंगासाठी सकाळचे फोटो अधिक भरवशाचे. कॅमेऱ्यात सोय असल्यास रॉ स्वरूपात फोटो घ्यावेत, म्हणजे रंगाचा तोल नंतर सुधारता येतो. बोट सतत हलत असल्याने शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी ठेवू नये, नाही तर चोचीची टोके धूसर होतात आणि सगळे मोजमाप वाया जाते.

वाळू चिखल्यांच्या दोन जाती वेगळ्या करणे मात्र मला अजून दर वेळी जमत नाही. ग्रेटर सँड प्लोव्हरची चोच मागे वळवून चेहऱ्यावर ठेवली अशी कल्पना केली, तर ती डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे पोहोचते, आणि लेसरची पोहोचत नाही, असा एक ठोकताळा आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे लेसर प्रामुख्याने तिबेटकडचे असतात आणि आता त्यांना स्वतंत्र जात मानतात. त्यांची चोच सैबेरियातल्या भाऊबंदांहून लांब असल्याने हा ठोकताळा इथे पुरता लागू पडत नाही. त्याच्या जोडीला चोचीचे टोक पाहावे, ग्रेटरचे निमुळते आणि लेसरचे बोथट असते; पाय पाहावेत, ग्रेटरचे लांब आणि बहुधा फिकट हिरवट असतात; आणि उडतानाचा फोटो असेल तर बोटे शेपटीबाहेर निघतात का तेही पाहावे. माझ्या फोटोंपैकी सहा पक्ष्यांवर हे निकष परस्परविरोधी उत्तरे देत होते, म्हणून नोंदीत मी ‘वाळू चिखल्या, जात अनिश्चित’ असे लिहिले. चोच पंखांत खुपसून झोपलेल्या थव्याबाबतही तेच करावे.

अकराच्या सुमारास चिखलाचे शेवटचे पट्टेही बुडाले आणि थवा एकदम उठून भांडुपच्या बाजूला, खारफुटीमागच्या उंच जागांकडे निघून गेला. बोट चालवणाऱ्या दादांना कोणीतरी आणखी जवळ नेण्याचा आग्रह करत होते. त्यांनी इंजिन बंद केले आणि म्हणाले, “आता उडवले तर दमून जातील, भरती उतरेपर्यंत त्यांना खायला काही नाही.” मी त्या उडत्या थव्याचे तीस-चाळीस फोटो घेतले आणि नेमके तेच सर्वात उपयोगी ठरले, कारण रेडशँकच्या पंखांच्या मागच्या कडेवरची रुंद पांढरी पट्टी आणि कर्ल्यू सँडपायपरची पांढरी कंबर त्यांतच स्पष्ट दिसते. ज्या मालिकेने मला सर्वाधिक छळले होते, तिच्यातल्या रफची शहानिशाही अशाच एका फोटोत झाली: पंखावर रेडशँकसारखी पांढरी कड नव्हती आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना लंबगोल पांढरे डाग होते.