अहवालातल्या 'मर्यादा' लिहिताना

मालवणच्या एका बचत गटासाठी मी कोकम सरबताच्या बाटलीचं सर्वेक्षण केलं. मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात त्या जेटीवर 160 पर्यटकांना दोन लेबलं दाखवली आणि दीडशेऐवजी एकशे ऐंशी रुपये द्याल का, असं विचारलं.

'मर्यादा' हे प्रकरण मी पहिल्यांदा अर्ध्या तासात उरकलं. वेळ कमी होता, नमुना लहान होता, तरी निष्कर्ष जपून वापरावेत. सरांनी ते वाचून विचारलं, "कुठला निष्कर्ष जपून वापरायचा? सगळेच?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वाक्यं कुठल्याही अहवालात खपली असती.

खरी अडचण मी लिहिलीच नव्हती. दोन दिवस गटातल्या काकू माझ्यासोबत उभ्या होत्या. सरबत करणारी बाई समोर असताना "एवढे पैसे नाही देणार" असं तोंडावर कोण म्हणेल? हे लिहिलं तर सगळा अहवाल कोसळेल, अशी धास्ती होती.

शेवटी फॉर्म तारखेप्रमाणे वेगळे केले. काकू असतानाचे 60, नसतानाचे 100. कोकम कसं वाळवतात ते सांगणारं लेबल पहिल्या गठ्ठ्यात 42 जणांनी निवडलं होतं, दुसऱ्यात 69 जणांनी. म्हणजे दोन्हीकडे जवळपास सत्तर टक्के. एकशे ऐंशीला मात्र 60 पैकी 39 जण तयार होते आणि 100 पैकी फक्त 43.

मग मर्यादा नेमकी लिहिता आली: काकूंच्या उपस्थितीने किंमतीची तयारी फुगली असावी, लेबलच्या पसंतीत तसा फरक दिसला नाही. 'असावी' हा शब्द मी मुद्दाम ठेवला, कारण ते दोन्ही दिवस शनिवार-रविवारचे होते आणि गर्दीच वेगळी असू शकते. किंमतीसाठी फक्त 100 फॉर्मचा आकडा दिला. जेटीवर जो भेटला त्याला विचारलं होतं, त्यामुळे हे मालवणला येणाऱ्या सगळ्या पर्यटकांचं मत नाही, हेही लिहिलं. अशा नमुन्याला 'अधिक-उणे इतके टक्के' लावणं चूक, म्हणून ते खोडलं.

'पुढील संशोधना'त आधी "मोठ्या नमुन्यावर अभ्यास व्हावा" असं होतं. पण तोच प्रश्न हजार जणांना विचारला तरी मिळणार तोंडचं उत्तरच. त्याऐवजी लिहिलं: दिवाळीच्या सुट्टीत एकाच टपरीवर एक दिवस 150, एक दिवस 180 असा भाव ठेवावा, शनिवार-रविवार दोन्ही भावांच्या वाट्याला सारखे यावेत, आणि किती जण थांबले, किती बाटल्या गेल्या याची नोंद ठेवावी.

अहवाल वाचून दाखवला तेव्हा काकू म्हणाल्या, "माका खरा काय ता सांग, लेबल बदलूचा की नाय?" मी म्हटलं, "बदला. भाव मात्र दिवाळीपर्यंत दीडशेच ठेवा." नोंदीची वही मी आखून दिली आहे.