वक्त्याचं नाव सगळ्यात शेवटी

मी सूत्रसंचालन करतो, सोलापुरात आणि आसपास. जानेवारीत चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनानिमित्त एक व्याख्यान होतं, इतिहासाच्या प्राध्यापक असलेल्या एक मॅडम बोलणार होत्या, त्या संध्याकाळचं सांगतो.

आयोजकांनी परिचयाचा कागद आधीच पाठवला होता आणि त्याचं शेवटचं वाक्य नेहमीचंच, "तरी मी डॉक्टर अमुक अमुक यांना नम्र विनंती करतो की त्यांनी व्यासपीठावर येऊन आपले अमूल्य विचार मांडावेत." आता हे वाक्य स्टेजवर काय करतं बघा. नाव येतं मधे. नाव ऐकलं की वक्ता उठतो, पुढचे दोघं-तिघं टाळ्या सुरू करतात, आणि आपण अजून विनंतीतच अडकलेलो. मग टाळ्या थांबतात, वक्ता अर्ध्यात उभा, आणि "मांडावेत"पर्यंत आवाज खाली गेलेला असतो म्हणून संपलं की नाही तेच लोकांना कळत नाही. त्यामुळे मी क्रियापद आधी घेतो आणि नाव शेवटी ठेवतो. नावानंतर एक शब्द पण नाही, "त्यांचं स्वागत करूया" सुद्धा नाही.

आदल्या दिवशी मॅडमना फोन केला. दोनच गोष्टी विचारल्या, नावाचा उच्चार आणि त्यांचं पहिलं वाक्य. त्या म्हणाल्या, "मी एका घराच्या बंद दारापासून सुरू करणारे." बास, मला तेवढंच पाहिजे होतं. माझं वाक्य त्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, दार मी उघडायचं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की मॅडम, मधे कुठेही थांबलो तरी उठू नका, तुमचं पूर्ण नाव ऐकलं की उठा.

परिचयातले पुरस्कार, पदं मी आधीच उरकली, नाव न घेता, "आजच्या वक्त्या" म्हणून. नाव मागच्या फ्लेक्सवर होतंच की, कुणापासून लपलेलं नव्हतं, पण ते कानावर पहिल्यांदा शेवटी पडलं की टाळी बरोबर तिथेच पडते. शेवटचा भाग असा लिहिला होता: "मे 1930 मध्ये आपल्या याच शहरात मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. या मधल्या आठ महिन्यांत सोलापूरच्या घराघरांत काय चाललं होतं? ते सांगायला येतायत..." आणि मग नाव.

मी "काय चाललं होतं?" म्हणालो, हॉल एकदम शांत झाला, आणि नेमका तेव्हाच एक कार्यकर्ता चिठ्ठी घेऊन डायसपाशी. हळूच म्हणतो, "सर, गाडी काढायला सांगा की, रस्ता तुंबलाय." गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, बाहेर आधीच गर्दी, चिठ्ठी बाजूला ठेवण्यासारखी नव्हती. मी मान वर केली, आवाज साधा केला आणि वाचलं, "एमएच 13 ची पांढरी गाडी गेटमधे आडवी लागलीये, मालकांनी कृपया काढावी." मागून एक गृहस्थ उठले, खुर्च्या सरकल्या, सेक्रेटरी तर मॅडमकडे बघून हाताने "चला, चला" करायला लागले. मॅडम हलल्या नाहीत, कागदांवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांचं ते बसून राहणं फार महत्त्वाचं होतं, कारण त्या उठल्या असत्या तर मला घाईत नुसतं नाव घेऊन मोकळं व्हावं लागलं असतं आणि ते नाव गाडीच्या सूचनेला चिकटून आलं असतं.

ते गृहस्थ बाहेर जाऊन हॉलचं दार बंद होईपर्यंत मी बोललो नाही. मग नावावर न जाता मागे गेलो. "12 जानेवारी 1931" पासून परत म्हटलं, चारही नावं परत घेतली, प्रश्न परत विचारला. लोक पुन्हा त्याच जागी आलेले चेहऱ्यावरून कळतं, मोबाईल खाली जातात. "ते सांगायला येतायत..." एक श्वास, मग पूर्ण नाव, शेवटचं अक्षर वरच ठेवून.

टाळ्या पडल्या. मी माईकपासून बाजूला होऊन टाळी वाजवली, माईकजवळ वाजवली तर स्पीकरमधून फटाका फुटल्यासारखी येते. मॅडम डायसपाशी पोचेपर्यंत तिथेच थांबलो, म्हणजे स्टेज रिकामं दिसत नाही, नमस्कार केला आणि त्या आल्या त्याच्या विरुद्ध बाजूने मागे गेलो. माईकचा दांडा त्यांच्या उंचीला साऊंड चेकलाच खाली करून ठेवला होता, ठकठक नाही, "हॅलो हॅलो" नाही. टाळ्या विरल्या आणि मॅडमनी सरळ त्या बंद दाराचं वाक्य घेतलं.

आता आयोजकांना मी परिचयाची शेवटची चार वाक्यं मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर देतो. गाडी, चप्पल, हरवलेली किल्ली, जी काय सूचना असेल ती परिचय सुरू व्हायच्या आधी द्या, आणि हा कागद माझ्या हातात दिसला की फार अडल्याशिवाय डायसकडे कुणाला पाठवू नका, एवढं कार्यकर्त्यांना सांगून ठेवायला लावतो.