कासचं ऊन आणि लेन्सचा फ्लिकर

कासच्या पठाराचा एक टाइमलॅप्स परवा हातावेगळा केला पण डोक्यातून काही जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. सप्टेंबरातलं शूट आहे, खाली सोनकी आणि तेरडा, वर ढग, आणि ढगांच्या सावल्या पठारावरून सरकतायत, शॉट म्हणजे एवढंच. दर ५ सेकंदांना एक फोटो, असे ९०० फोटो, म्हणजे सव्वा तासाची ऊन-सावली २५ फ्रेमच्या हिशोबाने ३६ सेकंदांत. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं लॉक. तरी प्ले केलं की चित्र सारखं लुकलुकत होतं, यालाच आम्ही फ्लिकर म्हणतो.

बाहेरच्यांना इथेच कोडं पडतं की सगळं लॉक असताना उजेड हलतो कसा. तर तो लेन्सच्या अ‍ॅपर्चरमुळे हलतो. आजकालच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची पाती एरवी पूर्ण उघडी असतात आणि प्रत्येक फोटोच्या वेळी मिटून सेट केलेल्या मापाला येतात, पण दर वेळी अगदी त्याच जागी थांबत नाहीत. ३५ मिमी लेन्स एफ ११ वर असेल तर भोक जेमतेम ३.२ मिमीचं. त्यात ०.१ मिमीचा फरक पडला तरी उजेड ६ टक्क्यांनी बदलतो, आणि एका फोटोत तो कुणाला दिसणार नाही पण शेजारशेजारच्या फ्रेममध्ये डोळ्याला लगेच टोचतो. पाती पूर्ण उघडी ठेवून उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावला असता, किंवा कॅननच्या जुन्या डीएसएलआरवर डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरून लेन्स किंचित फिरवून ठेवली असती (म्हणजे पाती मिटलेलीच राहतात), तर हे काम माझ्याकडे आलंच नसतं. ही गोष्ट कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांना माहीत नसणं मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडे यायच्या आधी कुणीतरी विज्वल डिफ्लिकर हे फ्लिकर काढायचं टूल मारून ठेवलं होतं, पूर्ण फ्रेमवर, स्मूदिंग भरपूर वाढवून. फ्लिकर गेला होता हे खरं. पण पठारही मेलं होतं. टूल करतं काय, तर प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड मोजतं, त्याची एक गुळगुळीत रेघ काढतं आणि प्रत्येक फ्रेम त्या रेघेवर आणून बसवतं. पठारावर ढगाची सावली आली की सरासरी पडते, टूलला वाटतं फ्रेम अंडर गेली, ते एक्सपोजर वर ढकलतं, मग सावली राखाडी होते आणि वरचं आभाळ विनाकारण उजळतं. हे ओळखायचं असेल तर जमिनीकडे बघूच नका, आभाळाकडे बघा. जमिनीवर सावली येताना आभाळ उजळतंय आणि सावली गेली की मंदावतंय, असं उलटं हलत असेल तर डिफ्लिकरने खरा उजेड खाल्लाय.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे रेफरन्स एरिया, उजेड बदलणार नाही अशा एखाद्या तुकड्यावर चौकोन काढायचा आणि टूलला तेवढंच मोजायला सांगायचं. निळंभोर आभाळ असेल तर फार छान चालतं. पण सप्टेंबरात कासला असा तुकडा आणायचा कुठून? आभाळात ढग, जमिनीवर सावल्या, लांबच्या डोंगरांवर धुकं, सगळंच हलतंय.

मग विचार केला की अ‍ॅपर्चरच्या फ्लिकरची खूण काय. तो अख्ख्या फ्रेममध्ये एकदम आणि सगळीकडे सारख्याच पटीने येतो, आणि पुढच्या फ्रेमला दुसरंच काहीतरी असतं. सावली तशी नसते, तिला कड असते, ती आत्ता या तुकड्यावर तर पुढच्या फ्रेमला त्या तुकड्यावर, आणि एकदा आली की काही फ्रेम टिकते. म्हणून मी फ्रेमचे ९६ तुकडे केले, प्रत्येक तुकडा त्याच्या स्वतःच्याच मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडला आणि ९६ पैकी मधला फरक घेतला. सावलीची कड एका वेळी थोड्याच तुकड्यांवर असते, त्यामुळे मधल्या आकड्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही, उरतो तो लेन्सचा भाग.

```python
L = np.log2(P)                    # P: फ्रेम x तुकडे
base = median_filter(L, size=(9, 1))
ev = -np.median(L - base, axis=1)
```

यात `base` काढायला सरासरी न घेता मीडियन घेतलाय तो मुद्दाम, कारण मीडियन उजेडाची पायरी पायरीच ठेवतो, सरासरी तिचा उतार करून टाकते. आणि मोजमाप रॉ फाइलवरून, `dcraw -4` ने लिनियर काढून. जेपेगवर मोजाल तर टोन कर्व्हमुळे तोच फ्लिकर गडद भागात एक आणि उजळ भागात दुसराच आकडा दाखवतो. आलेला `ev` प्रत्येक फ्रेमच्या एक्सएमपी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये `crs:Exposure2012` मध्ये मिळवला आणि लाइटरूममधून परत एक्स्पोर्ट केलं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, आणि बहुतेक दुरुस्त्या एक दशांश स्टॉपच्या आतबाहेर होत्या. सावल्या जशाच्या तशा काळ्या, तेरड्याचा गुलाबी परत आला, आभाळ स्थिर. एकच गोष्ट सुटत नाही, ढगाची जी कड मुळातच पांढरी फुटलीय ती दुरुस्त होत नाही, फ्रेम खाली ओढली की ती पांढरी कड राखाडी होते आणि तेवढी जागा लुकलुकत राहते. तिथे इलाज नाही.

इथपर्यंत मी खूश होते. पण साधारण मध्यावर एक जागा आली जिथे स्क्रिप्टने सलग ३ फ्रेम जवळजवळ अर्धा स्टॉप खाली ओढल्या होत्या. लेन्स एवढी चुकत नाही. जवळून बघितलं तर त्या ३ फ्रेममध्ये पुढच्या कातळाच्या बाजूला स्पष्ट सावली पडलेली, आधी आणि नंतर ती नाही. म्हणजे ढगांना फट पडून पंधराएक सेकंद सगळ्या दृश्यावर एकदम ऊन आलं होतं. खात्रीसाठी रंग तपासला. लेन्सचं भोक कमीजास्त झालं तर लाल-निळ्याचं प्रमाण बदलत नाही, उजेड तेवढा बदलतो, पण ऊन आलं की लाल वाढतो आणि ढगाखाली निळा. इथे लाल स्पष्ट वाढला होता. मग त्या ३ फ्रेमची दुरुस्ती मी हाताने काढून टाकली.

डिरेक्टर दादांना कट दाखवला तर ते बरोबर तिथेच थांबले. "ताई, इथे अजून फ्लिकर राहिलाय बघा." मी म्हटलं दादा, तो फ्लिकर नाही, ते ऊन आहे, खरं ऊन. ते म्हणाले, "असेल खरं, पण बघणाऱ्याला दिव्याची व्होल्टेज हलल्यासारखं वाटणार." आणि खरं सांगायचं तर तेही चूक नाहीत. ५ सेकंदांचा गॅप म्हणजे १२५ पट वेग, त्यात पंधरा सेकंदांचं ऊन म्हणजे पडद्यावर एका सेकंदाचा आठवा भागसुद्धा नाही. इतकं लहान झालं की खरा उजेड आणि पात्यांची चूक डोळ्याला सारखीच दिसते, मग मी आकड्यांनी कितीही सिद्ध केलं तरी काय.

मी ते ऊन काढलं नाही, आजूबाजूच्या दोन-दोन फ्रेमवर चढ-उतार देऊन मऊ केलं, आणि दादा हो म्हणाले. पण हे करणं आणि त्या स्मूदिंगवाल्याने केलं ते, यात फरक नक्की कितीचा, हे मला अजून ठरवता येत नाहीये. पुढच्या सीझनला दादांकडे मी एवढंच मागितलंय की गॅप २ सेकंदांचा ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा आणि एनडी लावून शटर एक सेकंदापर्यंत न्या. कार्डं जास्त लागतील, तर लागू देत.