फोटोतली रांगोळी आणि ठिपक्यांचा हिशोब

"काकू, फोटो पाठवलाय. ही रांगोळी कशी काढायची, सांगा ना!"

सांगते. पण आधी पाकळ्या मोजा. रंग नंतर, फुलं-पणत्या त्याहून नंतर. पाकळ्या 6 असतील तर एका ओळीचे ठिपके वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडतात. 4 किंवा 8 असतील तर बहुधा ठिपक्याखाली ठिपका, सरळ. एवढं कळलं की निम्मं काम झालं. हे कोणी विचारतच नाही, सगळ्यांना फक्त "किती ठिपके?" हवं असतं.

त्या "किती"वरून मी ऐन दिवाळीत बोलणी खाल्ली आहेत. माझ्या रांगोळीचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला होता, सहा पाकळ्यांचं मोठं फूल. धाकट्या जाऊबाईंनी फोटो मोठा करून स्वतः ठिपके मोजले. मधल्या ओळीत 15. ओळीही 15. दोन्ही आकडे बरोबर! म्हणून त्यांनी दारात 15 बाय 15 चा चौकोन मांडला, फरशीच्या सांध्याला धरून, अगदी नेटका. आडव्या दोन पाकळ्या झकास जमल्या. उरलेल्या चार काही केल्या बसेनात. तिरप्या रेघेचं टोक दर वेळी दोन ठिपक्यांच्या मध्ये, रिकाम्या जागेत जायचं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. तोवर गेरू उखडून फरशी दिसायला लागली आणि लक्ष्मीपूजनाची वेळ झाली. फोन आला तो स्पीकरवर, सासूबाईंसमोर: "ताई, तुम्ही मुद्दाम अर्धवट सांगता. तुमच्यासारखी दुसऱ्या कोणाची झालेली तुम्हाला चालत नाही."

मी तर काही सांगितलंच नव्हतं! त्यांनी विचारलंही नव्हतं. पण सणाच्या दिवशी हे कोणाला ऐकवणार?

ती रांगोळी होती "15 ते 8"ची. मधल्या ओळीत 15, मग वर आणि खाली दोन्हीकडे 14, 13 असं एकेक कमी करत 8 वर थांबायचं. ओळी 15च होतात, पण ठिपके 169. चौकोनात 225. म्हणजे 56 ठिपके जास्त, आणि पाकळीला हवे तिथे नाहीत.

आता फोटोवरून हे ओळखायचं कसं? रंग भरल्यावर ठिपके झाकले जातात, त्यामुळे ठिपके शोधत बसू नका. रेघ जिथे वळते, पाकळीचं टोक जिथे येतं, तिथे ठिपका आहे असं धरा. मधल्या ठिपक्यापासून आडवं टोकापर्यंत किती घरं जाता येतं ते मोजा; एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंत एक घर. 3 घरं असतील तर दुप्पट करून एक मिळवा: मधली ओळ 7. नुसता एक मिळवा: शेवटची ओळ 4. झाली "7 ते 4". 7 घरं असतील तर "15 ते 8". म्हणून अर्धा फोटो चपलांनी झाकलेला असला तरी चालतं, एक पाकळी नीट दिसली की पुरे. मात्र मोजायचं ते ठिपके जवळजवळ असलेल्या दिशेनं. काही पाकळ्या दोन दिशांच्या मधून निघतात, तिथे ठिपके लांब लांब असतात आणि आकडा चुकतो.

आणखी एक. ठिपक्यांमधलं अंतर 2 इंच असेल तर ओळींमधलं पावणेदोन ठेवा. दोन्ही सारखं ठेवलं की फूल उभट होतं. ठिपक्यांचा कागद करायचा असेल तर आधी पेन्सिलीने हे अंतर आखा, मगच उदबत्तीने भोकं पाडा. कागद एकदा चुकला की वर्षानुवर्षं चुकीचीच रांगोळी पडते.

पूर्वी मी म्हणायचे, बघून बघून येतं, आम्हाला कोणी शिकवलं? पण आम्ही आईशेजारी उकिडवं बसून ठिपके पडताना बघायचो. फोटोत नुसती झालेली रांगोळी असते. मग हल्ली मी आकडाच देऊन टाकते, "13 ते 7 घाला." तेही पटत नाही. पुढच्या सणाला तीच बाई नवा फोटो घेऊन हजर! जाऊबाईंना आता सगळं येतं, माझ्यापेक्षा रेघ बारीक पडते त्यांची. त्या शिकल्या ते त्या दिवसाच्या रागाने की नंतर मी कागदावर मांडून दिलं म्हणून, यावर आमचं अजून एकमत नाही.

बिनठिपक्यांच्या, पाच बोटांनी सोडलेल्या मोठ्या रांगोळ्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे खडू, सुतळी आणि मधला बिंदू.

आणि फोटो बरोबर वरून काढा हो, स्टुलावर चढून. तिरक्या फोटोत लांबच्या ओळी दाटतात, आणि मग 15 च्या ओळी मलाही 13 वाटतात.